वेळेवर या

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला, म्हणजे ६ सप्टेंबर २०२५ ला, सोलापूरला आमच्या साखर पेठेतल्या घराच्या अंगणात एक छोटीशी गोष्ट घडली. टब भरून ठेवलेला, आरती झालेली, भावानं मूर्ती उचललेली. सगळ्यांनी एका सुरात 'गणपती बाप्पा मोरया' म्हटलं आणि पुढच्या ओळीला आमची नऊ वर्षांची पुतणी एकटीच वेगळं ओरडली, 'पुढच्या वर्षी वेळेवर या!' तेही चांगलं खणखणीत. शेजारची पोरं फिदीफिदी हसली. भावाला मूर्ती हातात असताना हसू आवरेना, तर वहिनी म्हणाली, 'हसू नका हो, पडेल की मूर्ती!' मला वाटलं, जीभ घसरली असेल. पण नाही, तिनं ठरवून म्हटलं होतं. मागाहून विचारलं तर म्हणाली, 'काका, पेपरात आलंय की. पुढच्या वर्षी बाप्पा अठरा दिवस उशिरा येणार आहे. मग लवकर या कसं म्हणायचं? देवासमोर खोटं बोलू नये म्हणता ना तुम्ही?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बातमी खरी होती. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ ला १४ सप्टेंबरला बसणार. दरवर्षी विसर्जनाच्या सुमाराला पंचांगकर्त्यांच्या हवाल्यानं अशी चौकट पेपरात येते आणि आपण ती चहाबरोबर वाचून सोडून देतो. त्याच संध्याकाळी रस्त्यावर जाऊन घसा बसेपर्यंत 'लवकर या' ओरडायचं, आणि दोन्हींत काही विसंगती आहे हे कधी जाणवायचंसुद्धा नाही. तिला जाणवलं. पण तिचं बरोबर असूनही ते 'वेळेवर' कानाला खुपलं, हे काही केल्या मनातून जाईना. शाळेच्या रिक्षावाल्याला सांगावं तसं झालं ते. दुसऱ्या दिवशी पुण्याला परत निघालो तरी डोक्यात तेच.

आता आमच्याकडे विसर्जन घरीच होतं. शाडूची नऊ इंचांची मूर्ती, निळा प्लास्टिकचा टब आणि त्यात विहिरीवरून आणल्यासारखा गंभीर चेहरा करून भावानं भरलेलं नळाचं पाणी. पहिल्या वर्षी मला ते अगदीच मिळमिळीत वाटलं होतं, पण शाडू पाण्यात कसा जातो हे जवळून बघायला मिळतं, ही गोष्ट घाटावर कधी मिळाली नाही. मूर्ती बुडवली की आधी काहीच होत नाही. मग अंगभर बारीक बुडबुडे सुटतात, कोरडी माती पाणी पीत असते. पाचसात मिनिटांनी पातळ भाग सुटायला लागतात. कानांच्या कडा, बोटं, सोंडेचं टोक. कान गळून पडत नाही, तो आधी मऊ होतो, त्याची कड विस्कटते आणि मग तो ओल्या साखरेसारखा खाली बसतो. पोट आणि बैठक मात्र चिवट, ती सकाळपर्यंत राहते. पुतणी टबाशी उकिडवी बसून हे सगळं बघत होती आणि मधूनमधून बातम्या देत होती. 'उजवा कान गेला. हातातला मोदक अजून आहे.' सकाळी तो गाळ तुळशीत आणि पारिजातकाच्या बुंध्यात जातो.

माझे वडील, आबा, असते तर त्यांनी तिला सांगितलं असतं की तू टबापाशी काय बघतेयस, देव तर केव्हाच गेला. उत्तरपूजा या विषयात आबा फार काटेकोर होते. पुष्कळांना वाटतं, मूर्ती उत्तरेकडे सरकवायची म्हणून उत्तरपूजा. आबा म्हणत, उत्तर म्हणजे नंतरची, शेवटची पूजा, दिशेचा संबंध नाही. गंध, फूल, दूर्वा, धूप, दिवा, दहीभाताचा नैवेद्य, आरती, मंत्रपुष्प, सगळं रोजच्यासारखंच. फक्त शेवटी हातात अक्षता घेऊन 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणायचं, 'इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च' या शब्दांवर त्या अक्षता मूर्तीवर वाहायच्या आणि बैठकीला हात लावून मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा करून जे आणलं ते त्या हलवण्याबरोबर मोकळं झालं. त्यानंतर पाटावर उरते ती माती. दहा दिवस जिला हात लावताना सोवळंओवळं बघायचं, ती आता खुशाल काखेत धरून न्यावी. लहानपणी त्या एका क्षणी मी मूर्तीच्या डोळ्यांकडे टक लावून बघायचो, काही बदलतंय का ते. एका वर्षी बदलल्यासारखं वाटलंही होतं. समईत तेल कमी झालं होतं, दुसरं काही नाही.

म्हणजे हिशेबानं बघितलं तर आपण घाटावर, टबापाशी, मिरवणुकीत जे 'लवकर या' ओरडतो ते देव निघून गेल्यानंतर. गाडी सुटल्यावर फलाटावरून हात हलवत राहावं, तसं. देवाला ऐकू जाईल असं निरोपाचं वाक्य एकच, ते संस्कृतातलं, आणि त्यात 'लवकर' हा शब्दच नाही. पुनरागमनाय च. पुन्हा येण्यासाठी. बस्स. कधी, किती दिवसांनी, काही नाही.

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. आमच्या अंगणात त्या दिवशी निरोप तीन भाषांत झाला होता, नेहमीसारखाच. भिंतीपलीकडच्या अक्का तेलुगू. आयुष्यभर विड्या वळल्या, अजूनही दुपारी मांडीवर सूप घेऊन बसतात आणि तंबाखूचा वास त्यांच्या आधी आमच्या घरात येतो. गणपती निघाला की त्या हातातलं पान खाली ठेवून येतात, बोटं पदराला पुसून मूर्तीच्या पायांना लावतात आणि म्हणतात, 'पोयि रावय्या.' जाऊन ये रे बाबा. माझ्या आईचं माहेर अक्कलकोटकडचं. एरवी तिचं सगळं मराठीत चालतं, पण मूर्तीच्या हातावर दही घालताना ती पुटपुटते ते कानडीत, 'होगि बारप्पा.' तेच, जाऊन ये. दोघींच्या निरोपात जाणं आहे आणि येणं आहे, घाई कुठेच नाही. आपणही उंबऱ्यावर 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, इथपर्यंत तिन्ही भाषा एकाच वळणानं चालतात. फक्त मराठी मध्येच हट्ट धरते, लवकर. मला आधी वाटलं, ही यमकाची सोय असेल. मोरया आणि लवकर या, तोंडात कसं बसतं, लेझमीच्या ठेक्यावर कसं पडतं. आमच्याकडच्या मिरवणुकीत लेझीम म्हणजे काय चीज आहे हे ज्यांनी दत्त चौकात उभं राहून ऐकलंय त्यांना सांगायला नको. शंभर लेझमी एकदम मिटल्या की जो खण्ण आवाज होतो, त्या खण्णवर 'या' येतो.

पण यमकासाठी 'परत या' सुद्धा चाललं असतं की.

शिवाय तो 'या'. दहा दिवस आपण देवाला अरेतुरे करतो. आरत्यांत तू, तुझा, तुज. नवसाला तू. आई तर त्याला मोदक वाढताना 'खा रे' म्हणते. आणि निघताना एकदम अहोजाहो. लग्न होऊन सासरी गेलेली, पहिल्यांदा नवऱ्यासकट आलेली जुनी मैत्रीण असावी तसं काहीसं अंतर त्या शेवटच्या शब्दात येतं. अक्का आणि आई शेवटपर्यंत एकेरीच राहतात, आम्ही मराठीवाले दारात मान देतो. दाराशी गेल्यावर माणूस पाहुणा होतो म्हणून असेल.

घरात अहोजाहो होतं ते आबांना. आणि हा 'लवकर या' मी गणपतीच्या आधी कितीतरी वेळा ऐकला होता तो त्यांच्या संदर्भात. आबा गिरणीत होते. कोणत्या ते सांगत नाही, सोलापूरकरांना एका गिरणीची गोष्ट सांगितली की बाकीच्यांची कळते. पाळी कोणतीही असो, आबा चपला घालायला लागले की आई आतून डबा घेऊन यायची, डब्याचं कापड पुन्हा एकदा गच्च बांधायची आणि म्हणायची, 'लवकर या.' रोज. आता गिरणीचा कामगार लवकर येणार कसा? पाळी भोंग्यावर सुरू होते, भोंग्यावर सुटते. भोंगा आख्ख्या पेठेला ऐकू येतो, आईलाही. तिला मिनिटांचा हिशेब पाठ होता. भोंगा झाला की ती तवा टाकायची आणि दुसरी भाकरी फुगेपर्यंत आबांची सायकल दाराशी लागायची. तरी म्हणायचं, लवकर या. आबाही 'हो, येतो' म्हणायचे. एकानं अशक्य मागायचं, दुसऱ्यानं कबूल करायचं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आबांना पंचांगाचा नाद होता. दाते पंचांग सोलापुरातनं निघतं, शंभर वर्षांच्या वर झाली त्याला, आणि याचा आबांना स्वतः ते छापत असल्यासारखा अभिमान. 'अख्ख्या महाराष्ट्राला गणपती कधी येणार ते आपल्या गावातनं कळतं,' असं ते पाहुण्यांना ऐकवायचे. मुंबईच्या पाहुण्यांना जरा जास्तच. तिथी का सरकते, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, आबांनी गिरणीच्या भाषेत शिकवलं. चंद्राच्या बारा महिन्यांचं वर्ष भरतं ३५४ दिवसांचं. सूर्याचं ३६५. म्हणजे चंद्र वर्षाला अकरा दिवसांचा खाडा करतो. म्हणून भाद्रपदातली चतुर्थी इंग्रजी तारखेनं दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येते, गणपती लवकर येतो. असे खाडे साचत साचत पावणेतीन वर्षांत महिनाभराचे होतात. मग सूर्य म्हणतो, बास. चंद्राला एक अख्खा महिना ओव्हरटाइम करावा लागतो. तोच अधिक महिना, धोंड्याचा. त्या महिन्यात सूर्य रास बदलतच नाही, म्हणून त्याला स्वतःचं नाव नाही, पुढच्या महिन्याचं नाव उसनं घेतो. तो मध्ये पडला की गणपती तेरा चांद्र महिन्यांनी येतो, म्हणजे ३८४ दिवसांनी, अठरा-एकोणीस दिवस उशिरा. 'तिकडं जावई अनारसे खातोय आणि इकडं देव ताटकळलाय,' हे आबांचं वाक्य. स्वतःच्या धोंड्याच्या वाणात त्यांनी तेहतीसच्या तेहतीस अनारसे मोजून घेतले होते, असं आई सांगते.

आणि या सगळ्याचं एक चक्र आहे, एकोणीस वर्षांचं. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात आणि मग तारखा जवळपास होत्या तिथे परत येतात. आबा म्हणायचे, 'एकोणीस सालात बारा वेळा तो आपलं ऐकतो, सात वेळा नाही ऐकत. आपल्या पोरांपेक्षा बरंय.' हे बोलताना ते माझ्याकडे बघायचे.

पुण्यात परतल्यावर मी ते चक्र ताडून बघितलं. २०२५ मधून एकोणीस वजा केले की २००६. त्या वर्षीही गणपती २७ ऑगस्टलाच बसले होते आणि ६ सप्टेंबरलाच गेले होते. दुसऱ्या रात्री, ७ सप्टेंबरला, २००६ लाही चंद्रग्रहण होतं आणि २०२५ लाही. तेव्हा खंडग्रास, आता खग्रास. त्या पुढच्या वर्षी, २००७ ला, अधिक ज्येष्ठ आला आणि गणपती १५ सप्टेंबरवर गेले. २०२६ लाही अधिक ज्येष्ठच आहे, १७ मे ते १५ जून. सगळं कसं ओळीनं त्याच मापात. फक्त २००६ ला आबा होते.

त्या वर्षीचं विसर्जन मला चांगलं आठवतं, कारण आबांच्या हातून घाटावर नेलेला तो शेवटून दुसरा का तिसरा गणपती. तेव्हा आम्ही सिद्धेश्वर तलावावर जायचो, गणपती घाटाला. मूर्ती पाटावर, पाट आबांच्या डोक्यावर, मी मागं झांज घेऊन. झांज मला कधी जमली नाही, ठेका सोडून वाजायची. गुडघाभर पाण्यात उतरून आबांनी मूर्ती तीन वेळा बुडवून वर काढली आणि चौथ्यांदा सोडली. मग ओंजळभर माती पाटावर घेतली, घरी नेऊन रिकाम्या मखरात ठेवायला, आणि तलावाकडे तोंड करून ओरडले, पुढच्या वर्षी लवकर या. त्यांना पक्कं ठाऊक होतं की पुढच्या वर्षी धोंड्याचा महिना आहे. त्याच सकाळी त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं होतं, एकोणीस दिवस उशीर. शिवाय उत्तरपूजा करून देव घरातूनच गेलाय, हेही त्यांचंच मत. म्हणजे जो तिथे नाही त्याला, जे होणार नाही ते, आणि तेही दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून. पुतणीचा प्रश्न मला एकोणीस वर्षं आधी पडायला हवा होता, आबांनाच विचारला असता. मी झांज सांभाळत होतो.

खरं तर उशिरा येणारा गणपती आबांना मनातून जास्त आवडायचा. आमच्या मुलखाचा पाऊस उलटा. कोकणात जून-जुलै गाजतात, सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. ऑगस्टअखेरीस आलेल्या गणपतीला कित्येकदा घाटाच्या खालच्या पायऱ्या कोरड्या दिसतात, मूर्ती घेऊन चिखलातून आणखी पुढं जावं लागतं. सप्टेंबरच्या मध्यावर आला तर तलाव भरायला लागलेला असतो, ज्वारीची पेरणी तोंडावर असते, माणसांच्या चेहऱ्यांवर जरा तुकतुकी असते. 'देवाला पोहायला पाणी पाहिजे की बे,' आबा म्हणायचे. २०२५ ला हा पाऊस अति झाला. गणपती गेल्यावर महिनाअखेरीला सीना कशी फुगली, ते आता सांगत बसत नाही. पण त्या आठवड्यात भावाच्या फोनची वाट बघताना मनात आलं होतं, पुढच्या वर्षी नेमक्या याच दिवसांत विसर्जन आहे, २५ सप्टेंबरला.

आबा लवकर आल्याचं मला एकदाच आठवतं. मी नववीत होतो. पहिल्या पाळीला गेलेले आबा सकाळी साडेआठलाच दारात. भोंगा झाला नव्हता. सायकल त्यांनी नेहमीसारखी भिंतीला टेकवली नाही, हातात धरूनच उभे राहिले. आई चुलीपुढून उठून आली, दोन्ही हातांना पीठ, कोपरानं पदर सावरत. 'लवकर आलात?' ती म्हणाली. आबा म्हणाले, 'गेट बंद आहे.' तेवढंच. डबा त्यांनी खुंटीला लावला, कापडाची गाठ तशीच. दुपारी आईनं तो सोडला, भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि आम्ही तिघांनी मिळून ती खाल्ली. गेट पुढं कधी उघडलं नाही. नंतर आबा पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागले, तिथं ना भोंगा ना पाळी, उजाडल्यापासून अंग चालेल तोवर. त्या सकाळनंतर आईनं आबांना लवकर या म्हणणं सोडलं. 'सावकाश या' म्हणायला लागली. हा बदल मला तेव्हा कळलाही नाही. पेपरातली चौकट आणि पुतणीचा प्रश्न घेऊन पुण्याच्या गाडीत बसलो तेव्हा, कुर्डूवाडीच्या आसपास, तो एकदम लक्षात आला. ती त्या दिवशी घाबरली असणार. रोज मागितलेलं एकदा खरंच मिळालं, आणि ते असं.

पण त्याच वर्षी गणपती निघाला तेव्हा आई काय म्हणाली, हे मी खूप आठवून बघितलं. दही घालताना ती काही पुटपुटली असेल, ते कानडीत. पण सगळ्यांबरोबर 'लवकर या' म्हणाली का? मला वाटतं, म्हणाली. आबा मोठ्यानं ओरडत होते आणि तिचे ओठ हलत होते, असं चित्र डोळ्यांपुढं येतं. ते त्याच वर्षीचं आहे की पुढच्या कुठल्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेला म्हणून जानेवारीत पुन्हा सोलापूरला गेलो. घरात शके १९४८ चं नवं पंचांग आलेलं होतं. आबांची जुनी पंचांगं माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, ती मी मुद्दाम खाली काढली. पुतणी शेजारी येऊन बसली. कागद तपकिरी, कडा मोडतायत, कसरीनं केलेली बारीक भोकं, आणि प्रत्येकात भाद्रपद शुद्ध चतुर्थीपाशी पेन्सिलीनं एक आकडा आणि एक अक्षर. ११ ल. ११ ल. १८ उ. आधी मला कळेना, तिला लगेच कळलं. 'ल म्हणजे लवकर, उ म्हणजे उशिरा.' मग ती वर्षं लावत बसली, मी तारखा सांगायच्या आणि तिनं ताडायचं. २००४, १८ उ. २००५, ११ ल. २००६, ११ ल. २००७, १९ उ. त्यानंतर दोनतीन वर्षं अक्षर हललेलं आहे, आणि मग नुसती कोरी पंचांगं.

'आजोबांना माहीत असायचं?' तिनं विचारलं. 'उशीर आहे ते?'

'पाठ असायचं.'

'आणि तरी म्हणायचे, लवकर या?'

'घाटावर सगळ्यात मोठा आवाज त्यांचा.'

ती काही बोलली नाही. नवं पंचांग ओढून तिनं भाद्रपदाचं पान काढलं, कंपासपेटीतली पेन्सिल घेतली आणि चतुर्थीपाशी जपून १८ लिहिला. मग पेन्सिल तशीच धरून आईकडे बघितलं. आई पलीकडे ताटात तीळ निवडत होती, चष्मा नाकावर उतरलेला.

'आज्जी, पुढं काय लिहू? उ लिहू?'

आईनं एक खडा वेचून बाजूला टाकला. 'राहू दे की नुसतं,' ती म्हणाली. 'त्याला कळतंय.'

बाहेरून अक्कांनी हाक मारली, नंदीध्वज निघायची वेळ झाली होती. पुतणी पेन्सिल पानातच ठेवून पळाली.